पितळेवर चूक पुसता येत नाही

आधी माझा गुन्हा सांगतो, म्हणजे पुढे जो राग काढणार आहे तो काढायचा मला थोडा तरी हक्क मिळेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीम लीडने नोकरी सोडली. ऑफिस ठाण्यात, आम्ही सगळे कर्जत-कसारा लायनीवरचे. निरोपाला काहीतरी 'क्लासी' द्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी लॅटिन सुविचारांची एक यादी उघडली, 'प्रिमुस इंतेर पारेस' हे तीन शब्द उचलले आणि पितळी पाटीवर कोरून घेतले. अर्थ लिहिला होता 'बरोबरीच्यांत पहिला'. सगळ्यांना आवडलं. तिलाही आवडलं.

हो, तिला. आमची टीम लीड बाई होती आणि पाटीवर 'पहिला' कोरलेलं होतं. 'पहिली' म्हणायचं तर 'प्रिमुस'चं 'प्रिमा' करावं लागतं. हे मला कळलं तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं आणि पाटी तिच्या नव्या घराच्या भिंतीवर लागली होती. मराठीत कुणी तिच्यासाठी 'आमच्यातला पहिला' असं कोरून आणलं असतं, तर ती पाटी दुकानाबाहेरसुद्धा पडली नसती. लॅटिनमध्ये होतं म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

लाज वाटण्याचं खरं कारण वेगळंच आहे. उत्तर माझ्या ओळखीच्या वाटेवर होतं. सीएसएमटीला उतरून बाहेर आलं की समोर महापालिकेची इमारत दिसते. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आखलेली, 1893 मध्ये पूर्ण झालेली. या शहराचं आणि त्या इमारतीचं नाव ज्या लॅटिन वाक्याशी जोडलं गेलंय ते म्हणजे 'उर्ब्स प्रिमा इन इंदिस'. हिंदुस्थानातलं पहिलं शहर. इथे 'प्रिमा' का? कारण 'उर्ब्स' म्हणजे शहर, आणि हा शब्द लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी आहे. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं, जसं आपल्याकडे 'पहिली मुंबई'. हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलोय. एका शहराला जो मान मिळाला तो मी एका बाईला देऊ शकलो नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. भेटवस्तूवर लॅटिन कोरायला माझी काहीच हरकत नाही. न तपासता कोरायला मात्र आहे, आणि त्यासाठी आपण जी कारणं देतो ती सगळी पोकळ आहेत. त्यातलं सगळ्यात पोकळ कारण म्हणजे 'आपल्याला लॅटिन कुठे येतं?'

'कोण बघतंय?'

यंदा शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच प्रसंग आला. डोंबिवलीतल्या आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाई निवृत्त होणार होत्या. आम्ही दहावीला फुल संस्कृत घेतलेली मुलं, म्हणजे शंभर मार्कांचं. त्यातली अर्धी 'स्कोअरिंग आहे' म्हणून बसलेली. आता कुणी म्यूनिकला, कुणी पुण्यात, कुणी कल्याणला दुकान सांभाळतंय. पितळेची सहा बाय चार इंचाची पाटी लाकडावर बसवून द्यायची, हे एकमताने ठरलं. भाषेवरून मात्र भांडण झालं.

मराठी का नको? संस्कृत का नको? हे प्रश्न रास्त होते. संस्कृत नको म्हणणाऱ्यांचं कारण भीतीचं होतं. बाईंना संस्कृतात लिहून द्यायचं म्हणजे पुन्हा पेपर तपासायला देण्यासारखं. लॅटिन सुचवलं म्यूनिकच्या मैत्रिणीने आणि तिचं कारण मला पटलं. बाई वर्गात सांगायच्या की संस्कृत आणि लॅटिन या बहिणी आहेत. अग्नी आणि 'इग्निस', मातृ आणि 'मातेर', अस्ति आणि 'एस्त'. सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात केलेलं भाषण त्यांनीच आम्हाला पहिल्यांदा सांगितलं होतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा, असं जोन्स त्यात म्हणाले होते. तेव्हा बाईंना त्यांच्या विषयाच्या बहिणीच्या भाषेत दोन शब्द द्यायचे, ही कल्पना चांगली होती. नुसत्या स्टाइलसाठी नव्हती.

लॅटिन 'आपलं' नाही, असंही कुणीतरी म्हणालं. हे ठाण्यात राहून तरी म्हणू नये. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्यासोबत आलेल्या जॉर्डानुस नावाच्या डॉमिनिकन साधूने त्यांना पुरलं आणि ती हकिकत लॅटिन पत्रांतून युरोपला कळवली. पुढे त्याने भारताची नवलाई सांगणारं एक पुस्तक लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. म्हणजे ठाण्याबद्दल लॅटिनमध्ये लिहिलं जाऊ लागलं त्याला सातशे वर्षं झाली. आपलं-परकं हा मुद्दा इथे चालत नाही. बरोबर-चूक हाच मुद्दा आहे.

मग पहिला प्रस्ताव आला: 'आद ऑप्तिमुस मागिस्तेर'. टाकणाऱ्याने अभिमानाने खाली लिहिलं होतं की एकेक शब्द डिक्शनरीत पाहून घेतलाय. 'टू', 'बेस्ट', 'टीचर'. 'ऑप्तिमुस' तर ट्रान्सफॉर्मर्समुळे सगळ्यांच्या ओळखीचा. वीसेक अंगठे वर झाले.

मी 'थांबा' म्हणालो, तेव्हा लगेच उत्तर आलं, "अरे, कोण बघतंय?"

बाई बघतायत! तेवीस वर्षं आमच्या विभक्त्या लाल पेनने गोल केलेल्या बाई बघतायत. स्टेशनच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की फोटो काढून फेसबुकवर टाकणारे आपण, आणि दुसऱ्याच्या भाषेत तीन शब्दांत तीन चुका करून 'कोण बघतंय' म्हणतो. आपल्या भाषेची चूक हा अपमान आणि दुसऱ्या भाषेची चूक ही डिझाइन, असा हिशेब कसा लागतो?

शब्द बरोबर, वाक्य चूक

त्या प्रस्तावात नेमकं काय चुकलं ते बघू, कारण जवळपास प्रत्येक चुकीची लॅटिन पाटी अशीच जन्माला येते.

डिक्शनरीत नाम सापडतं ते प्रथमेच्या एकवचनात, आणि विशेषण पुल्लिंगात. तो शब्दाचा मूळ पत्ता असतो. वाक्यात आलं की शब्दाचा शेवट बदलावा लागतो, आणि बदललेला शेवटच सांगतो की कर्ता कोण, कर्म कोण, कुणाला, कुणाचं. इंग्रजीत हे काम शब्दांचा क्रम आणि छोटे शब्द करतात. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला म्हणून वाटतं की तीन शब्द शेजारी ठेवले की वाक्य झालं. आमच्या धंद्यात सांगायचं तर प्रत्येक व्हेरिएबल डिक्लेअर केलेलं आहे, पण एकाचाही टाइप जुळत नाही.

पण तुम्हाला मराठी येतं. 'राम', 'रामाला', 'रामाचा' हा फरक तुम्ही झोपेतही चुकवत नाही. आणि शाळेत संस्कृत घेतलं असेल तर लॅटिनचा अर्धा नकाशा तुमच्या खिशात आहे. संस्कृतात सात विभक्त्या आणि संबोधन. लॅटिनमध्ये प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी, संबोधन आणि सहावी एक अशी, जी आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींची कामं बहुतेक एकटीच करते. 'इन इंदिस' मध्ये तीच सहावी आहे, सप्तमीच्या कामावर. तीन लिंगं, तशीच. विशेषण नामाच्या लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे चालतं, तेही तसंच.

आता 'आद ऑप्तिमुस मागिस्तेर' तपासा. 'आद' म्हणजे 'कडे', म्हणजे एखाद्या दिशेने जाणं. भेट देताना 'बाईंकडे' नव्हे, 'बाईंना' हवं, म्हणजे चतुर्थी, आणि तिला वेगळा शब्द लागत नाही. बरं, 'आद' ठेवायचाच तर त्यापुढे द्वितीया लागते, इथे प्रथमा आहे. आणि तिसरी चूक म्हणजे 'मागिस्तेर' हा पुरुष शिक्षक. बाईंसाठी 'मागिस्त्रा'.

सुधारून झालं 'मागिस्त्राए ऑप्तिमाए'. सर्वोत्तम शिक्षिकेला. त्यापुढे देणारे: 'दिस्किपुली ग्राती', कृतज्ञ विद्यार्थी. मुलं-मुली दोन्ही असल्याने पुल्लिंगी अनेकवचन. आमच्या वर्गात फक्त मुली असत्या तर 'दिस्किपुलाए ग्राताए' लिहावं लागलं असतं. कुणाला ते चतुर्थीत, कोण देतंय ते प्रथमेत, आणि 'दिलं' हे क्रियापद गाळलं तरी चालतं. रोमन लोक दगडावर अगदी असंच कोरायचे. मला वाटलं, झालं काम.

झालं नव्हतं. 'मागिस्त्राए' हा शेवट चतुर्थीचा आहे, पण षष्ठीच्या एकवचनाचाही तोच आहे. म्हणजे ती ओळ 'सर्वोत्तम शिक्षिकेला, कृतज्ञ विद्यार्थ्यांकडून' अशी वाचता येते आणि 'सर्वोत्तम शिक्षिकेचे कृतज्ञ विद्यार्थी' अशीही. दुसऱ्या वाचनात भेट गायब होते आणि पाटी आमच्याच नावाची होते. यावर जुना उपाय आहे. शेवटी दोन 'डी' कोरायचे, 'दोनो देदेरुंत' याचं संक्षिप्त रूप, अर्थ 'भेट म्हणून दिलं'. दिलं म्हटल्यावर कुणाला हा प्रश्न येतो आणि चतुर्थी पक्की होते. पण चार लांब शब्द अधिक दोन अक्षरं सहा इंचांत बसवायची म्हणजे अक्षर बारीक होणार. शिवाय ओळ बरोबर असली तरी थोडी ट्रॉफीसारखी वाटत होती. कुठल्याही शिक्षिकेला चालली असती.

व्याकरण बरोबर, बोलणारा चूक

दुसरा प्रस्ताव कल्याणच्या मित्राचा होता: 'दोकेंदो दिस्किमुस'. हे अनेक शाळांचं बोधवाक्य आहे. अर्थ, 'शिकवता शिकवता आपण शिकतो'. व्याकरणात एक टाचणीही टोचता येणार नाही. 'दोकेंदो' म्हणजे 'शिकवण्याने', तृतीयेच्या कामावरची ती सहावी विभक्ती. 'दिस्किमुस' म्हणजे 'आम्ही शिकतो'. खाली 'सेनेका' असं नावही लावलं होतं.

इथे दोन गोष्टी तपासायच्या असतात आणि दोन्ही आपण विसरतो.

पहिली, नाव. सेनेकाने सातव्या पत्रात माणसं शिकवताना शिकतात अशा अर्थाचं म्हटलंय, पण वेगळ्या शब्दांत. हे दोन शब्दांचं घोटीव रूप मागाहून प्रचारात आलं. म्हणजे वाक्य कोरायला हरकत नाही, त्याखाली सेनेकाचं नाव कोरायला आहे. आपल्याकडे आवडलेला प्रत्येक शेर जसा गालिबचा होतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे वाक्य कोण बोलतंय? शिकवणारा. 'शिकवून आम्ही शिकतो' हे शिक्षकाने स्वतःबद्दल म्हणायचं असतं, किंवा शाळेने. विद्यार्थ्यांनी ते बाईंना द्यायचं म्हणजे शिकवणारे आम्ही झालो. यादीत मिळणाऱ्या वाक्यांची ही अडचण कायमची आहे. वाक्य कुणाच्या तोंडचं आणि कुणाला उद्देशून, हे यादी सांगत नाही. फक्त अर्थ सांगते, तोही इंग्रजीत.

मध्येच एकाने विनोद म्हणून 'इल्लेगितिमी नॉन कार्बोरुंदुम' टाकलं, 'हलकटांना तुमचं पीठ करू देऊ नका' या अर्थाचं, आणि दोघांना ते खरंच आवडलं. हे लॅटिन नाहीच. कार्बोरंडम हे धार लावायच्या दगडाचं व्यापारी नाव. शेवट लॅटिनसारखा वाटतो म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुणीतरी केलेली ती थट्टा आहे. ज्या दुकानात आम्ही पाटी कोरायला देणार होतो, तिथे त्याच नावाचा दगड मशीनला लावलेला असतो. नकली लॅटिन ओळखायचा सोपा मार्ग असा: प्रत्येक शब्द लॅटिन कोशात शोधा. जो नुसत्या इंटरनेटवरच्या यादीत सापडतो आणि कोशात सापडत नाही, त्याला पाटीवर घेऊ नका.

दोन शब्द

शेवटी आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. आधी मराठीत ठरवलं की म्हणायचं काय. 'बाई, तुम्ही शिकवलंत, आम्ही शिकलो.' बस. सर्वोत्तम वगैरे काही नाही. मग ते लॅटिनमध्ये नेलं.

लॅटिन क्रियापदात कर्ता आतच असतो. संस्कृतात 'गच्छामि' म्हटलं की 'अहम्' वेगळं म्हणावं लागत नाही, तसंच. त्यामुळे चार मराठी शब्दांचे दोन झाले. 'दोकुइस्ती', तू शिकवलंस. 'दिदिकिमुस', आम्ही शिकलो. दोन्ही पूर्ण भूतकाळात. इथे एक खड्डा आहे. वर्तमानकाळ 'दिस्किमुस' आणि भूतकाळ 'दिदिकिमुस' यांत 'स्'च्या जागी 'दि' एवढाच फरक. पहिला लिहिला तर 'तू शिकवलंस, आम्ही शिकतोय' होतं. तेही शुद्ध आहे, कुणाला तेच म्हणायचं असेल. पण ठरवून म्हणावं, टाइप करताना अक्षर चुकलं म्हणून नव्हे.

कुणीतरी म्हणालं, 'आम्हाला' पण घाला, उबदार वाटेल. 'टू अस' डिक्शनरीत पाहून त्याने 'नोबिस' लिहिलं. तेही चूक. लॅटिनमध्ये 'शिकवणे' हे द्विकर्मक आहे. जे शिकवलं ते द्वितीयेत आणि ज्याला शिकवलं तेही द्वितीयेत, म्हणजे 'नोस'. संस्कृतातला 'शास्' धातूही असाच द्विकर्मक आहे, बाईंनी फळ्यावर यादी लिहून पाठ करून घेतली होती. आम्ही कर्म गाळलं. दोन क्रियापदं समोरासमोर उभी राहिली की कोणी कोणाला शिकवलं हे कळतंच.

आणि मग खरं भांडण पेटलं. म्यूनिकच्या मैत्रिणीने विचारलं, "थांब, 'दोकुइस्ती' म्हणजे तू? बाईंना तू म्हणायचं?"

ग्रुपवर अर्धा तास शांतता. मग दीडशे मेसेज. आदरार्थी अनेकवचन वापरा, 'दोकुइस्तिस' करा, एका 'एस'चा तर प्रश्न आहे, असा कौल जाऊ लागला. मला हा प्रश्न आवडला, कारण पहिल्यांदाच कुणीतरी 'भारी दिसतं का' सोडून 'काय म्हणतोय' हे विचारत होतं. पण उत्तर 'नाही' असंच होतं. अभिजात लॅटिनमध्ये एका माणसाला अनेकवचनाने हाक मारायची रीत नाही. सीझरलाही 'तू'च. एकट्या माणसाला आदराने अनेकवचन लावणं नंतरच्या दरबारी काळात आलं. पाटीवर 'दोकुइस्तिस' कोरलं तर वाचणारा 'तुम्ही सगळ्यांनी शिकवलंत' असं वाचेल आणि बाकीच्या शिक्षकांना शोधू लागेल. आपला आदर दुसऱ्या भाषेत तिच्या नियमांनी न्यावा लागतो, आपल्या प्रत्ययांनी नाही.

भांडण मिटवलं कल्याणच्या मित्राने, व्याकरणाशिवाय. त्याने लिहिलं, "आईला काय म्हणतोस? विठोबाला काय म्हणतोस?" त्यानंतर कुणी बोललं नाही.

तपासायचं कसं

एवढं सगळं मला लॅटिन येतं म्हणून केलं असं समजू नका. मला येत नाही. मला तपासता येतं, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'येत नाही' ही सबब मी म्हणूनच मान्य करत नाही.

विल्यम व्हिटेकर नावाच्या अमेरिकी हवाई दलातल्या निवृत्त कर्नलने 'वर्ड्स' नावाचा एक प्रोग्रॅम लिहून ठेवलाय, आडा भाषेत, फुकट. त्यात लॅटिन शब्द टाकला की तो शब्द कोणत्या मुळापासून, कोणत्या रूपात आहे ते सांगतो. आमच्या दोन शब्दांचं उत्तर साधारण असं येतं:

```
docu.isti    V  2 1 PERF ACTIVE IND 2 S
didic.imus   V  3 1 PERF ACTIVE IND 1 P
```

टिंबाच्या आधी मूळ, नंतर प्रत्यय. 'व्ही' म्हणजे क्रियापद, पुढचे आकडे गणाचे, मग पूर्ण भूतकाळ, कर्तरी. शेवटचा आकडा पुरुषाचा आणि शेवटचं अक्षर वचनाचं. पहिलं द्वितीय पुरुष एकवचन, तू. दुसरं प्रथम पुरुष अनेकवचन, आम्ही. ही अख्खी ओळ म्हणजे संस्कृतच्या पेपरातला 'रूप ओळखा' हा प्रश्न. दोन मार्कांचा.

या प्रोग्रॅमची मर्यादाही समजून घ्या. तो रूप ओळखतो, वाक्य तपासत नाही. 'आद', 'ऑप्तिमुस', 'मागिस्तेर' हे तिन्ही शब्द त्याने बिनतक्रार पास केले असते. 'मागिस्त्राए' टाकलं तर तो षष्ठी, चतुर्थी, अनेकवचनाची प्रथमा असे सगळे पर्याय मांडतो. निवड तुम्ही करायची. त्यामुळे माझी पद्धत उलट आहे. आधी कागदावर लिहायचं की मला प्रत्येक शब्द कोणत्या विभक्तीत, लिंगात, वचनात, किंवा क्रियापद असेल तर कोणत्या पुरुषात आणि काळात हवाय. मग प्रोग्रॅमच्या उत्तरात ते आहे का पाहायचं. आधी उत्तर पाहून मग 'हो, हेच हवं होतं' म्हणायचं नाही. टेस्ट आधी लिहायची, कोड नंतर.

त्यानंतर त्या शब्दाचा अर्थ लुईस आणि शॉर्ट यांच्या 1879 च्या मोठ्या कोशात पाहायचा. तो ऑनलाइन आहे. एका इंग्रजी शब्दाला लॅटिनमध्ये पाच-सहा शब्द असतात आणि कोशात वापराची उदाहरणं दिलेली असतात. आपल्याला हवा तो अर्थ उदाहरणांत दिसतो का, एवढंच बघायचं. शेवटी लॅटिन जाणणाऱ्या एका माणसाला पाटी दाखवायची, पण 'बरोबर आहे ना?' असं विचारून नाही. अर्थ न सांगता विचारायचं, "हे काय म्हणतंय?" त्याने आपोआप तोच अर्थ सांगितला तर पास. सगळं मिळून दोन संध्याकाळी गेल्या. डोंबिवली फास्टमध्ये उभं राहून, एका हाताने.

मशीनपाशी

चूक शेवटच्या मिनिटालाही होते. रोमन शिलालेखांत 'यू' आणि 'व्ही' यांना एकच अक्षर होतं, 'व्ही'च्या आकाराचं. मोठ्या अक्षरांत कोरायचं आणि ती जुनी धाटणी ठेवायची तर दोन्ही शब्दांत 'व्ही' येतो. साधं 'यू' कोरलं तरी ते शुद्धच, पण एकात हे आणि दुसऱ्यात ते असं चालत नाही. आम्ही दुकानात हे दिलं होतं:

```
DOCVISTI
DIDICIMVS
```

प्रूफ आलं त्यात पहिल्या शब्दात 'व्ही' आणि दुसऱ्यात 'यू'. कोरणाऱ्या काकांनी फाइल उघडता येईना म्हणून मेसेजवरून पुन्हा टाइप केलं होतं आणि दुसरा 'व्ही' आपली चूक समजून प्रेमाने सुधारला होता. दोष त्यांचा नाही, अक्षरांबद्दल मी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून मजकूर मेसेजमध्ये टाइप करून पाठवू नका, कीबोर्डही आपल्या मनाने सुधारतो. अक्षरं आकारांत बदललेली फाइल द्या, सोबत चिठ्ठी द्या की स्पेलिंग असंच हवंय, आणि प्रूफ शेवटच्या अक्षरापासून उलटं वाचा. सरळ वाचलं की डोळा जे हवं तेच वाचतो.

पाटी दिली त्या दिवशी आम्ही सोबत एक छोटं कार्डही दिलं, त्यावर देवनागरीत उच्चार आणि प्रत्येक शब्दाचं रूप. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. आधी पाटी वाचली, मग कार्ड. आम्ही आठ-दहा जण तिशीला आलेले, आणि पोटात तोच गोळा.

"द्वितीय पुरुष, एकवचन," त्या म्हणाल्या. "बरोबर. कर्म कुठे आहे रे?"

"अध्याहृत, बाई."

"हं." मग त्यांचं बोट दुसऱ्या शब्दावर थांबलं. "हे दि-दि काय आहे? धातू 'दिस्क' लिहिलायस ना? मग पहिलं अक्षर दोनदा का आलं?"

मी म्हणालो की भूतकाळात काही धातूंचं पहिलं अक्षर असं दुणावतं.

"म्हणजे आपल्या लिट् लकारासारखं. ददर्श, चकार. त्या दुणावलेल्या पहिल्या भागाला संस्कृत व्याकरणात काय म्हणतात?"

कुणालाच आठवेना. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवलेल्या म्यूनिकच्या मैत्रिणीलाही, ती व्हिडिओ कॉलवर होती.

"अभ्यास म्हणतात," बाई म्हणाल्या. "दहावीला नव्हतं तुम्हाला, म्हणून सोडते." आणि पाटी पदराने पुसून त्यांनी टेबलावर उभी केली.

त्याच आठवड्यात मी आमच्या जुन्या टीम लीडला फोन केला आणि तिच्या भिंतीवरची चूक सांगितली. ती आधी हसली, मग म्हणाली की तिच्याकडे येणाऱ्या एकाने ती चूक कधीच दाखवली होती, पण आम्हाला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नाही. नवी पाटी तयार आहे, या वेळी 'प्रिमा'. ज्यांना अजून वाटतं की कोण बघतंय, त्यांना एवढंच सांगतो की बघणारा दीड वर्ष बघत होता. फक्त मला सांगत नव्हता.